खाट 7 ची ओव्हर: एका रुग्णाची नोंद मराठीत आणि इंग्रजीत निःसंदिग्ध करताना

रात्री आठची ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला रुग्ण सोपवण्याची वेळ. नाशिकमधल्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाचा पुरुष शल्यचिकित्सा वॉर्ड. ओव्हर देणारी सिस्टर इथल्याच नर्सिंग कॉलेजातून शिकलेली, घेणारी स्टाफ नर्स केरळहून आलेली. तिच्या हाताखालची एएनएम सुरगाण्याकडची, तिला इंग्रजी अक्षरं वाचता येतात पण वाक्य सलग समजत नाही. शिवाय वॉर्डात मदतीला मावशी आणि मामा आहेतच. रुग्णाला पाणी द्यायचं की नाही, हे रात्री दोन वाजता प्रत्यक्षात तेच ठरवतात. या चौघांसाठी कागद एकच असतो, आणि तो इंग्रजीही नसतो, मराठीही नसतो. तो लघुरूपांचा असतो.

हा कागद दोन्ही भाषांत आणायचा तर काय काय करावं लागतं, ते एका खाटेच्या नोंदीवर इथे पूर्ण करून दाखवलं आहे. नोंद शिकवण्यासाठी रचलेली आहे, ती कुणा खऱ्या रुग्णाची नाही. मात्र तिच्यातलं प्रत्येक लघुरूप आपल्याकडच्या वॉर्डांत रोज लिहिलं जातं.

```
B7  58/M  DM foot (R)  POD1 debridement
K/C/O DM, HTN, on AKT
Inj Reg insulin 6U S/C TDS AC, HGT 4 hrly
Inj PCM 1.0 gm SOS
IVF DNS @ 60
Relook OT tmrw, NBM 12
Foley's D/C
BT awaited
```

आठ ओळी. लिहिणाऱ्या सिस्टरला यातलं सगळं ठाऊक आहे, म्हणून तिला त्या पुरेशा वाटतात. भाषांतर करणाऱ्याने मात्र पहिल्या फेरीत एकाही ओळीचं भाषांतर करू नये. पहिली फेरी फक्त उलगडण्याची: प्रत्येक लघुरूपासमोर या वॉर्डात त्याचे जितके अर्थ संभवतात तितके सगळे लिहायचे. एकच अर्थ उरला तर ओळ पुढे जाते. दोन उरले तर ती ओळ प्रश्न बनते, आणि तो प्रश्न ड्यूटी डॉक्टरांकडे किंवा ओव्हर देणाऱ्या सिस्टरकडे जातो. संदर्भावरून अंदाज बांधून पुढे जाण्याचा मोह इथेच सर्वांत जास्त होतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबरही येतो, म्हणूनच तो धोक्याचा.

या आठ ओळींतून बरेच प्रश्न निघाले. ते क्रमाने न घेता वजनाप्रमाणे घेऊ.

सर्वांत आधी इन्सुलिनची ओळ. `6U` मधला `U` घाईच्या अक्षरात वरून मिटला की शून्य होतो आणि सहाचे साठ होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने 2004 साली ‘वापरू नका’ अशी लघुरूपांची यादी काढली, तिच्यात हे अक्षर आहे. दोन्ही भाषांत पूर्ण शब्द लिहायचा, आकडा आणि शब्द यांच्यात जागा सोडायची: 6 युनिट. मराठीत ‘यु.’ असं नवं लघुरूप तयार करायचं नाही, नाहीतर इंग्रजीतून काढलेला काटा मराठीत रुततो.

पण युनिट पूर्ण लिहिलं तरी डोस निःसंदिग्ध होत नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची नारिंगी टोपणाची. 40 च्या बाटलीतलं इन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये 6 च्या रेषेपर्यंत ओढलं तर रुग्णाला जेमतेम 2.4 युनिट मिळतात. उलट केलं, म्हणजे 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज, तर त्याच 6 च्या रेषेवर 15 युनिट जातात. मूळ नोंदीत बाटलीचा उल्लेखच नाही. भाषांतरकाराने तो मनाने घालायचा नाही. वॉर्डाच्या फ्रिजमध्ये कोणती बाटली आहे ते सिस्टरकडून विचारून घ्यायचं आणि दोन्ही भाषांत ‘40 ची बाटली, लाल टोपणाची सिरिंज’ असं लिहायचं. मराठी ओळीत टोपणाचा रंग फार उपयोगी पडतो, कारण एएनएम सिरिंज रंगावरूनच उचलते.

त्याच ओळीतलं `TDS AC` म्हणजे दिवसातून तीनदा, जेवणाआधी. याला दुसरा अर्थ नाही. पण ही ओळ सहाव्या ओळीशेजारी ठेवून वाचली की खरा पेच दिसतो. सहावी ओळ सांगते की उद्या पुन्हा शस्त्रक्रिया आहे आणि रुग्णाला बारापासून तोंडावाटे काही द्यायचं नाही. तिसरी ओळ सांगते की जेवणाआधी इन्सुलिन द्या. सकाळी जेवणच नसेल तर सकाळचे 6 युनिट द्यायचे की नाही? दिले आणि साखर पडली तर झोपेत असलेल्या रुग्णाकडे पहाटे कुणाचं लक्ष जाणार? लघुरूपांत लिहिलेलं असताना या दोन ओळी एकमेकींशी भांडत आहेत हे कळत नाही. पूर्ण वाक्यांत उतरवल्या की लगेच कळतं. याचा निर्णय भाषांतरकाराचा नाही आणि सिस्टरचाही नाही, तो डॉक्टरांचा. भाषांतरकाराचं काम एवढंच की विसंगती गुळगुळीत वाक्यात लपू द्यायची नाही.

आता `NBM 12`. तोंडावाटे काही नको, हे सगळ्यांना कळतं. बारा कुठले, हे कळत नाही. दुपारचे असते तर ‘उद्या शस्त्रक्रिया’शी जुळत नाहीत म्हणून मध्यरात्रीचे धरायचे, असं कुणीही म्हणेल. पण मध्यरात्र कोणत्या तारखेची? रात्रपाळी दोन तारखांवर पसरलेली असते. संध्याकाळी आठला लिहिलेलं ‘उद्या’ रात्री साडेबाराला वाचलं तर एक दिवस पुढे सरकतं. मराठीत तर ‘परवा’ हा शब्द मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो. म्हणून आज, उद्या, काल, परवा हे चारही शब्द ओव्हरच्या कागदावरून पूर्ण काढून टाकायचे. त्यांच्या जागी तारीख आणि चोवीस तासांची वेळ येते. मध्यरात्रीसाठी 24:00 किंवा 00:00 लिहिलं तरी कोणता दिवस यावर वाद होतो, म्हणून 23:59 लिहून शेजारी तारीख टाकणं सर्वांत सुरक्षित.

मराठी ओळीत आणखी एक जपायचं. ‘उपाशी ठेवा’ हे सोपं भाषांतर तोंडावर येतं, पण वापरू नका. आपल्या घरांत उपाशी माणूस चहा पितो, आणि उपवासाला तर साबुदाणा, केळं, दूध सगळं चालतं. नातेवाईक मायेनेच विचारतात, “घोटभर चहा दिला तर चालेल ना?” आणि मामा ‘उपाशी’ या शब्दावर विसंबून हो म्हणतात. म्हणून लिहायचं ते असं: तोंडावाटे काहीही नाही. अन्न, चहा, दूध, फळं, पाणी, काहीही नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो की सकाळच्या गोळ्यांचं काय? या रुग्णाला रक्तदाबाची गोळी आहे, क्षयरोगाच्या गोळ्या आहेत. त्या घोटभर पाण्यासोबत द्यायच्या की राखून ठेवायच्या, हे मूळ नोंदीत नाही. हाही प्रश्न डॉक्टरांकडे.

सलाईनची ओळ वरवर निरुपद्रवी दिसते. `DNS` म्हणजे डेक्स्ट्रोज आणि मीठ असलेलं द्रावण. कान-नाक-घसा विभागात हेच अक्षरगट नाकाच्या वाकड्या पडद्यासाठी वापरतात, पण शिरेवाटे द्यायच्या द्रावणाच्या ओळीत तो गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो मराठीत. आपण लोंबकळणाऱ्या प्रत्येक बाटलीला सलाईन म्हणतो, रिंगर लॅक्टेट असो की डेक्स्ट्रोज. पण नॉर्मल सलाईनमध्ये साखर नसते आणि डीएनएसच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. मधुमेहाच्या रुग्णाच्या कागदावर ‘सलाईन चालू’ हे भाषांतर म्हणजे मूळ माहिती पुसून टाकणंच. द्रावणाचं नाव दोन्ही भाषांत बाटलीवर छापलं आहे तसंच लिहायचं, आणि मराठीत शेजारी ‘साखर असलेलं’ असं जोडायचं.

मग `@ 60`. साठ काय? तासाला मिलिलिटर की मिनिटाला थेंब? पंप असलेल्या वॉर्डात मिलिलिटर धरतात, नसलेल्या वॉर्डात थेंब मोजतात, आणि दोन्ही सवयींच्या नर्स एकाच पाळीत असू शकतात. नेहमीच्या सेटमधून 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला 60 थेंब सोडले तर तासाला 180 मिलिलिटर जातात आणि बाटली पावणेतीन तासांत संपते. हेतू तासाला 60 मिलिलिटरचा असेल तर तीच बाटली आठ तासांहून जास्त पुरायला हवी, आणि त्याच सेटवर थेंब हवेत मिनिटाला 20. म्हणजे 25 ग्रॅम साखर आठ तासांऐवजी तीन तासांच्या आत. उत्तर मिळाल्यावर कागदावर दोन्ही आकडे लिहायचे, तासाचे मिलिलिटर आणि त्या सेटवर मिनिटाचे थेंब. शिवाय बाटली किती वाजता लावली तेही. मग रात्री कधीही बाटलीकडे नजर टाकली की वेग बरोबर आहे की नाही हे कुणालाही ताडता येतं.

सातवी ओळ वेगळ्या प्रकारची आहे. `D/C` चा एक अर्थ काढणे किंवा थांबवणे, दुसरा अर्थ घरी सोडणे. लघवीच्या नळीपुढे आल्याने इथे पहिलाच अर्थ, यात वाद नाही. पण नळी काढली आहे की काढायची आहे? लघुरूपांच्या इंग्रजीत क्रियापदच नसतं, त्यामुळे काळही नसतो. मराठीत ‘काढली’, ‘काढायची’, ‘काढा’ यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही, आणि निवड अंदाजाने केली तर चूक होण्याची शक्यता मोठी. ओव्हरच्या कागदात हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत कमी दिसणारा दोष आहे, कारण इंग्रजीतून इंग्रजीत उतरवताना तो तसाच पुढे सरकतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन शब्दांपैकी एक लिहायचा: झालं, चालू, करायचं. इंग्रजीत त्यांचे ठरलेले जोडीदार. अपवाद फक्त निदानाची ओळ, मनाईची ओळ आणि ‘गरज पडल्यास’ची ओळ. ‘झालं’ असेल तर वेळ हवी, ‘करायचं’ असेल तर कधी आणि कुणी हे हवं.

या नोंदीत उत्तर आलं की नळी 17:30 ला काढली आहे. म्हणजे ओळ संपली असं नाही, खरी ओळ आता सुरू झाली. नळी काढल्यावर रुग्णाला लघवी झाली का? झाली नसेल तर किती वाजेपर्यंत वाट पाहायची? वॉर्डात साधारण सहा तासांची मर्यादा धरली जाते, म्हणजे 23:30. मूळ नोंदीत याचा मागमूसही नाही, पण रात्रपाळीला हवी असलेली माहिती नेमकी हीच.

`BT awaited` बद्दल फार लिहायला नको, पण विचारायला मात्र हवंच. `BT` म्हणजे रक्त चढवणं, आणि `BT` म्हणजे रक्तस्राव थांबायला लागणाऱ्या वेळेची तपासणी. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दोन्ही तितकंच संभवतं. एकीत रक्तपेढीच्या पिशवीची वाट पाहायची, दुसरीत प्रयोगशाळेच्या रिपोर्टची. उत्तर आलं ते दोहोंच्या अधलंमधलं: रक्तपेशींची एक पिशवी शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवायला सांगितली आहे, जुळणीची खात्री यायची आहे, वॉर्डात चढवायची नाही. शेवटचं वाक्य नसतं तर कुणीतरी पिशवी रात्रीच वॉर्डात आणून ठेवली असती, आणि फ्रिजबाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिलेली पिशवी रक्तपेढी परत घेत नाही.

वेदनाशामकाची ओळ. `1.0 gm` मधला दशांश पुसट झाला की दहा होतात. पूर्णांकामागे दशांश शून्य लिहायचं नाही, आणि एकाहून कमी असेल तर पुढे शून्य लिहायचंच, 0.5 असं. `SOS` म्हणजे गरज पडल्यास. पण गरज कसली? ताप की दुखणं? किती ताप? आधीचा डोस किती वाजता दिला? ‘गरज पडल्यास’ एवढंच भाषांतर शब्दशः बरोबर आहे आणि उपयोगाला शून्य आहे. या औषधाच्या ओळीत चार गोष्टी असायला हव्यात: कारण, डोस, दोन डोसांतलं किमान अंतर आणि शेवटच्या डोसची वेळ. पॅरासिटामॉल प्रौढाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, आणि रुग्णाला हेच औषध गोळीतूनही मिळत असेल तर बेरीज कागदावर दिसली पाहिजे. क्षयरोगाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच भार असतो, म्हणून त्याच्यासाठी मर्यादा कमी ठेवायची का हेही याच प्रश्नात विचारून घ्यायचं.

पहिल्या दोन ओळी निदानाच्या. `(R)` म्हणजे उजवा. ‘उ.’ लिहायचं नाही, ‘उजवा’ लिहायचं. त्याहून मोठी अडचण ‘पाय’ या शब्दाची आहे. मराठीत मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पायच. इथे जखम घोट्याखालची आहे, म्हणून ‘पाऊल’ लिहायचं. ‘उजव्या पायाची जखम’ वाचून ड्रेसिंग बघायला गेलेली नवी मुलगी गुडघ्यापासून शोधायला लागते. शस्त्रक्रियेसाठीच्या कागदावर तर हा फरक ढिला सोडून चालतच नाही. `POD1` मोजताना शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरतात, पण ‘शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस’ हे मराठी वाचून कित्येक जण शस्त्रक्रियेचाच दिवस पहिला धरतात. तारीख लिहिली की मोजावंच लागत नाही.

`AKT` हे लघुरूप आपल्या भागात सर्रास चालतं, बाहेरून शिकून आलेल्या नर्सला ते ओळखीचं असेलच असं नाही. दोन्ही भाषांत ‘क्षयरोगाचे उपचार’ असं पूर्ण लिहायचं. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, ही एक ओळ शेजारी दिली तर नळी काढल्यावर रात्री लघवीचा रंग पाहून कुणी घाबरणार नाही. पण इथे भाषांतराचा एक दुसरा परिणाम लक्षात घ्यायला हवा. लघुरूपांचा कागद नातेवाईकांना वाचता येत नव्हता, मराठी कागद येतो. शेजारच्या खाटेच्या नातेवाईकालाही येतो. म्हणून मराठी कागद खाटेला अडकवायचा नाही, तो सिस्टरच्या टेबलावरच्या फाइलीत राहतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, ती माहिती सामायिक कागदावर पूर्ण शब्दांत येता कामा नये.

प्रश्नांची उत्तरं ड्यूटी डॉक्टरांनी तोंडी दिली तर ती आधी त्यांच्या ऑर्डर शीटवर उतरली पाहिजेत, मग भाषांतरात. उलट क्रमाने केलं तर ओव्हरचा कागदच ऑर्डर बनून बसतो आणि मूळ नोंदीत काहीच सापडत नाही. उत्तरं आल्यानंतरची इंग्रजी नोंद अशी झाली:

```
Bed 7, male, 58 years
1 DONE: Debridement, right FOOT, 11 Feb
2 Has diabetes, high blood pressure;
  on tuberculosis treatment
3 DONE: Regular insulin 6 units under skin,
  12 Feb 19:45, before dinner. 40 units/mL vial,
  red-cap syringe
4 DO NOT GIVE morning insulin 13 Feb
5 TO DO: Finger-prick sugar 22:00, 02:00, 06:00.
  Call doctor if below 70 or above 250 mg/dL
6 IF NEEDED: Paracetamol 1 gram into vein for
  pain. Last 16:00. Gap at least 6 hours
7 TO DO: Start DNS 12 Feb 23:59,
  60 mL/hour = 20 drops/minute (20-drop set)
8 TO DO: NOTHING BY MOUTH from 12 Feb 23:59.
  Surgery 13 Feb. Morning tablets: hold
9 DONE: Urine catheter out 17:30. TO DO: if no
  urine by 23:30, call doctor
10 TO DO: Confirm 1 unit red cells is reserved
  for surgery. DO NOT transfuse in ward
```

आणि त्याच क्रमांकांची मराठी:

खाट 7, पुरुष, वय 58 वर्षं
1. झालं: उजव्या पावलावरची खराब ऊती काढण्याची शस्त्रक्रिया, 11 फेब्रुवारी.
2. मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. क्षयरोगाचे उपचार चालू आहेत.
3. झालं: रेग्युलर इन्सुलिन 6 युनिट कातडीखाली, 12 फेब्रुवारी 19:45, रात्रीच्या जेवणाआधी. 40 ची बाटली, लाल टोपणाची सिरिंज.
4. 13 फेब्रुवारीचं सकाळचं इन्सुलिन देऊ नका.
5. करायचं: बोटातून साखर तपासणी 22:00, 02:00, 06:00 ला. 70 च्या खाली किंवा 250 च्या वर आली तर डॉक्टरांना लगेच फोन.
6. गरज पडल्यास: दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 1 ग्रॅम शिरेवाटे. शेवटचा डोस 16:00. दोन डोसांत किमान 6 तास.
7. करायचं: डीएनएस (साखर असलेलं द्रावण) 12 फेब्रुवारी 23:59 ला सुरू. तासाला 60 मिलिलिटर, म्हणजे 20 थेंबांच्या सेटवर मिनिटाला 20 थेंब.
8. करायचं: 12 फेब्रुवारी 23:59 पासून तोंडावाटे काहीही नाही. अन्न, चहा, दूध, पाणी नाही. सकाळच्या गोळ्या राखून ठेवा. 13 फेब्रुवारीला शस्त्रक्रिया.
9. झालं: लघवीची नळी 17:30 ला काढली. करायचं: 23:30 पर्यंत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना फोन.
10. करायचं: शस्त्रक्रियेसाठी रक्तपेशींची 1 पिशवी राखली गेल्याची खात्री करा. वॉर्डात चढवायची नाही.

मूळच्या आठ ओळींच्या दहा झाल्या, आणि अक्षरं तिप्पट. एवढं कोण लिहिणार, ही तक्रार रास्त आहे. त्यावरचा मार्ग म्हणजे वाक्यं छापील फॉर्मवर तयार ठेवायची आणि सिस्टरने फक्त आकडे, तारीख आणि वेळ भरायची. या फॉर्मची मांडणी तीन रकान्यांची ठेवावी: डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि मधल्या रकान्यात आकडे. मधला रकाना दोन्ही भाषांना सामायिक. डोस एकदाच लिहिला की मराठीत 6 आणि इंग्रजीत 8 असं कधी होणारच नाही. औषधाचं नावही त्याच मधल्या रकान्यात, बाटलीवर छापलंय त्याच इंग्रजी अक्षरांत, कारण नर्सला कागद बाटलीशी ताडून पाहायचा असतो.

मधल्या रकान्यातले आकडे इंग्रजी वळणाचेच हवेत, हा आग्रह सोडू नये. देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा, पाच हा चारसारखा आणि सात हा सहासारखा. छपाईत फरक कळतो, हातच्या अक्षरात नाही. केरळची नर्स देवनागरी आकडे शिकलेलीच नाही, तर तिला दोष देता येत नाही. कॉम्प्युटरवर फॉर्म करताना मराठी कीबोर्ड आकडेही देवनागरीच टाकू शकतो, आणि वर्डच्या `Numeral` या सेटिंगमध्ये `Context` निवडलेलं असेल तर आजूबाजूच्या मजकुराप्रमाणे आकडे दिसायला बदलू शकतात. तिथे `Arabic` ठेवावं. फॉर्म युनिकोडमध्येच करावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा कचरा होतो तो दिसतो, पण दशांश चिन्ह किंवा तिरकी रेघ बदललेली असते ती दिसत नाही.

मराठी लघुरूपांनाही हीच शिस्त लागू. ‘मि.’ म्हणजे मिलि की मिनिट? ‘ता.’ म्हणजे तास, तारीख की तालुका? इंग्रजी लघुरूपं काढून टाकताना उत्साहाच्या भरात ही आपली लघुरूपं फॉर्मवर चढतात आणि मग ‘60 मि./ता.’ असं काहीतरी जन्माला येतं. सूट फक्त अशा मोजक्या शब्दांना द्यावी जे वॉर्डात सगळे तसेच बोलतात आणि ज्यांना तिथे दुसरा अर्थ नाही: बीपी, ईसीजी, आयसीयू. ही सूट मिळालेल्या शब्दांची यादी फॉर्मच्या मागे छापावी, यादीबाहेरचं लघुरूप दिसलं की ओव्हर घेणारीने ते तिथल्या तिथे विचारावं.

फॉर्म वापरात आणण्याआधी त्याची परीक्षा घेता येते, आणि ती भाषातज्ज्ञाकडून घ्यायची गरज नाही. मूळ नोंद न पाहिलेल्या एका एएनएमला मराठी बाजू द्या, एका स्टाफ नर्सला इंग्रजी बाजू द्या, आणि दोघींना वेगवेगळं बसवून तेच पाच प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता या रुग्णासाठी काय कराल? पहाटे सहाला इन्सुलिन द्याल का? त्याने पाणी मागितलं तर? साडेअकरापर्यंत लघवी झाली नाही तर? रक्ताची पिशवी वॉर्डात आणाल का? दोघींची उत्तरं जुळली आणि डॉक्टरांच्या मनात होतं तेच निघालं, तर ती नोंद पास. ‘समजलं का?’ असं विचारून काही उपयोग नाही, त्याला सगळे हो म्हणतात. उत्तर चुकलं तर वाचणारीला समजावायचं नाही, वाक्य बदलायचं.

रात्रीतून ऑर्डर बदलली तर काय, याची सोय फॉर्मवरच हवी. समजा 02:00 ला साखर 64 आली, डॉक्टरांनी उपचार बदलले आणि 04:00 ला पुन्हा तपासायला सांगितलं. पाचव्या ओळीवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही बाजूंनी एकच आडवी रेघ मारायची, जुना मजकूर वाचता येईल अशी. शेजारी वेळ आणि सही, आणि नवी ओळ शेवटी 11 क्रमांकाने, दोन्ही भाषांत. घाईत फक्त इंग्रजी बाजू सुधारली जाते आणि मराठी बाजू जुनीच राहते. म्हणून नियम असा ठेवावा की रेघ कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईल. एका बाजूची ओळ एकटी रद्द करता येणारच नाही. आणि कागदाच्या माथ्यावर दोन्ही भाषांत ठळक छापलेलं असावं: हा ओव्हरचा कागद आहे, ऑर्डर नाही. फरक दिसला तर ऑर्डर शीट बघा आणि डॉक्टरांना विचारा.